सात जनगणना आणि एक सरळ रेषा

स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ साली झाली, तेव्हा दर शंभर माणसांमागे जेमतेम अठरा जणांना लिहिता-वाचता येत होतं. २०११ च्या जनगणनेत ते त्र्याहत्तर झाले. ही दोन टोकं आणि मधल्या पाच जनगणना मिळून आपल्या हातात सात आकडे आहेत. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर अर्ध्या तासात हाताळता येतील, इतकेच. या सात आकड्यांना सगळ्यांत चांगली जुळणारी सरळ रेषा कशी काढायची, तिचे दोन आकडे कसे वाचायचे आणि ती कुठे फसवते, हे इथे पाहू.

रेषा हवीच कशाला, तक्ता समोर आहे की, असं कुणी म्हणेल. पण तक्ता नुसता पाहून 'साक्षरता कोणत्या वेगानं वाढली?' या प्रश्नाचं उत्तर देऊन पाहा. पहिल्या दशकात दहानं वाढली, दुसऱ्यात सहानं, पाचव्यात साडेबारानं. यातला कुठला आकडा सांगायचा? सातही आकड्यांना विचारात घेऊन एक वेग सांगायचा असेल तर रेषा लागते.

| जनगणना | १९५१ नंतरची दशकं | एकूण साक्षरता (%) | पुरुष (%) | स्त्रिया (%) |
|---|---|---|---|---|
| १९५१ | ० | १८.३ | २७.२ | ८.९ |
| १९६१ | १ | २८.३ | ४०.४ | १५.४ |
| १९७१ | २ | ३४.५ | ४६.० | २२.० |
| १९८१ | ३ | ४३.६ | ५६.४ | २९.८ |
| १९९१ | ४ | ५२.२ | ६४.१ | ३९.३ |
| २००१ | ५ | ६४.८ | ७५.३ | ५३.७ |
| २०११ | ६ | ७३.० | ८०.९ | ६४.६ |

आधी फक्त 'एकूण' हा रकाना घेऊ. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दशकं आणि उभ्या अक्षावर साक्षरता मांडली, की सात ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेलेले दिसतात. जवळजवळ एका ओळीत, पण अगदी एका ओळीत नव्हेत. पट्टी ठेवून रेष मारायला गेलं तर प्रत्येकाची पट्टी थोडी वेगळी पडेल. तुमची रेषा बरोबर की माझी, हे ठरवायला एक कसोटी हवी.

त्यासाठी रेषेपासून प्रत्येक ठिपका उभ्या दिशेनं किती वर किंवा किती खाली आहे ते मोजायचं. याला तफावत म्हणू. ठिपका रेषेच्या वर असेल तर तफावत अधिक, खाली असेल तर उणे. मग सगळ्या तफावतींची बेरीज शून्य येईल ती रेषा उत्तम, असं पटकन वाटतं. पण ही कसोटी चालत नाही. सातही आकड्यांची सरासरी ४४.९६ आहे. त्या उंचीवर कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेषा मारली, तरी वरच्या आणि खालच्या तफावती एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्यच येते. म्हणजे 'साठ वर्षांत साक्षरता वाढलीच नाही' असं सांगणारी रेषासुद्धा या परीक्षेत पास होते.

म्हणून तफावतींचा आधी वर्ग करायचा. वर्ग केला की उणे चिन्ह जातं आणि कुणी कुणाला खात नाही. शिवाय मोठ्या तफावतीला जबर दंड बसतो. एकची तफावत असेल तर दंड एक, तीनची असेल तर नऊ. या दंडांची बेरीज ज्या रेषेची सगळ्यांत कमी, ती उत्तम जुळणारी रेषा. हीच लघुतम वर्गांची पद्धत. आद्रियाँ-मारी लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानं ती १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात छापली. १८०९ मध्ये कार्ल फ्रीडरिश गाउसनं आपल्या ग्रंथात ती मांडली आणि आपण ती १७९५ पासूनच वापरत आहोत असा दावा केला. श्रेयाचा तो वाद त्या दोघांपुरता राहिला, पद्धत मात्र आकाशातून जमिनीवर उतरून सगळीकडे पसरली.

आता आपली रेषा काढू. दशकांची सरासरी ३ आहे आणि साक्षरतेची सरासरी ४४.९६. उत्तम रेषा या मध्यबिंदूतून जातेच जाते, असं सिद्ध करता येतं. त्यामुळे ती त्या बिंदूभोवती किती तिरकी फिरवायची, एवढंच ठरवायचं उरतं. त्यासाठी प्रत्येक जनगणना मधल्या दशकापासून किती दूर आहे ते लिहायचं. १९५१ उणे ३, १९६१ उणे २, १९७१ उणे १, १९८१ शून्य, मग अधिक १, २ आणि ३. हे अंतर आणि त्या वर्षीची साक्षरता यांचा गुणाकार करत जायचा. उणे बाजूला ३ गुणिले १८.३ म्हणजे ५४.९, २ गुणिले २८.३ म्हणजे ५६.६ आणि नुसते ३४.५, मिळून १४६. अधिक बाजूला ५२.२, १२९.६ आणि २१९, मिळून ४००.८. दोन्हींची वजाबाकी २५४.८. आता अंतरांच्या वर्गांची बेरीज करायची. ९, ४, १, ०, १, ४, ९ मिळून २८. शेवटी २५४.८ ला २८ नं भागलं की ९.१ येतात. हा रेषेचा चढ.

रेषा मधल्या दशकाला ४४.९६ वर आहे आणि दर दशकाला ९.१ नं चढते. मग तीन दशकं मागे, १९५१ ला, ती २७.३ नं खाली असणार. म्हणजे १७.६६ वर. हा अंतःखंड, रेषेचा सुरुवातीचा आकडा. झाली रेषा तयार:

साक्षरता = १७.६६ + ९.१ × दशकं

ती खरंच उत्तम आहे का, हे पडताळता येतं. एखादा घाईचा माणूस पहिला आणि शेवटचा ठिपका जोडून मोकळा होईल. त्याच्या रेषेचा चढ ९.१२ येतो, जवळपास आपल्याइतकाच. त्याच्या दोन टोकांच्या तफावती शून्य आहेत, पण मधल्या तीन जनगणना दोन-अडीच टक्क्यांनी रेषेखाली लोंबकळतात. त्याच्या दंडाची बेरीज १६.५ भरते, आपली १३.२. आणि त्या आडव्या रेषेची? सुमारे २,३३२.

आता या दोन आकड्यांचं वाचन करायचं. मला विचाराल तर खरं काम इथूनच सुरू होतं, कारण गणित कुठलाही संगणक करून देतो.

चढ ९.१ याचा अर्थ दर दशकाला साक्षर माणसांचं प्रमाण शंभरामागे सरासरी नऊनं वाढत गेलं. ही नऊ टक्क्यांची वाढ नव्हे. अठरावर नऊ टक्के वाढ म्हणजे दीड-पावणेदोन होतील. इथे अठराचे सत्तावीस, सत्तावीसचे छत्तीस असं चाललं आहे. चढाला नेहमी एकक चिकटलेलं असतं, उभ्या अक्षाचं एकक भागिले आडव्या अक्षाचं. दशकांऐवजी वर्षं घेतली असती तर हाच चढ ०.९१ झाला असता. वेग तोच, आकडा दहापट लहान. म्हणून कुणी नुसतं 'चढ ९.१ आहे' असं म्हणालं, तर 'कशामागे किती?' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा गैरसमज जास्त खोलातला आहे. शंभरामागे नऊ वाढले म्हणजे निरक्षर प्रौढांपैकी नऊ जण दर दशकात शिकले, असं नाही. साक्षरतेचं प्रमाण वाढतं ते मुख्यतः पिढी बदलल्यानं. शाळेत गेलेली मुलं मोठी होऊन मोजणीत येतात आणि शाळेचं तोंडही न पाहिलेली म्हातारी माणसं मोजणीतून जातात. प्रौढ साक्षरता वर्गांचा वाटा असतो, पण सगळा चढ त्यांचा नसतो. हे ठिपके एका ओळीच्या इतके जवळ का बसतात, याचंही कारण यातच आहे. देशातली सगळी माणसं एका दशकात बदलत नाहीत, त्यामुळे हा आकडा उड्या मारू शकत नाही.

अंतःखंड १७.६६ म्हणजे दशकांच्या जागी शून्य घातलं तर रेषा काय सांगते ते. आपण शून्य १९५१ ला ठेवलं आहे, म्हणून तो १९५१ चा अंदाज झाला. प्रत्यक्ष आकडा १८.३ होता. मग अंतःखंड चुकला का? नाही. तो सातही जनगणनांनी मिळून ठरवलेला १९५१ चा आकडा आहे, त्या एका वर्षाचं मोजमाप नव्हे. तफावत ०.६४ आहे, तेवढी असायला हरकत नाही.

पण शून्य कुठे ठेवलं यावर अंतःखंडाचा सगळा अर्थ अवलंबून असतो. हाच तक्ता संगणकाच्या स्प्रेडशीटमध्ये टाकताना पहिल्या रकान्यात १९५१, १९६१ अशी इसवी सनाचीच वर्षं घातली तर चढ ०.९१ येईल आणि अंतःखंड येईल उणे १,७५८. गणित अचूक आहे. ती इसवी सनाच्या शून्य वर्षाची साक्षरता आहे, शंभरामागे उणे सतराशे अठ्ठावन्न. रेषा तीच, ठिपके तेच, तफावती त्याच. फक्त ज्या ठिकाणी तिला बोलतं केलं ते ठिकाण मूर्खपणाचं आहे. अंतःखंड विचित्र आला की आधी शून्य कुठे आहे ते पाहावं. ते आपल्या तक्त्याच्या हद्दीत नसेल, तर अंतःखंड हा रेषा उभी करायला लागणारा खुंटा आहे, एवढंच समजावं आणि त्याचा अर्थ लावू नये.

हद्दीबाहेर जाण्याचा मोह फक्त अंतःखंडापुरता नसतो. आपली रेषा मागे ताणली तर ती १९३२ च्या आसपास शून्याला टेकते, म्हणजे त्याआधी देशात एकही साक्षर माणूस नव्हता. प्रत्यक्षात १९३१ च्या जनगणनेत साक्षरता साडेनऊ टक्के नोंदली गेली आहे आणि १९०१ मध्येही ती पाचांच्या थोडी वर होती. त्या काळची मोजण्याची रीत आणि देशाच्या सीमा वेगळ्या होत्या हे खरं, पण शून्य कधीच नव्हतं. पुढे ताणली तर २०४१-४२ च्या सुमारास ती शंभराला पोचते आणि न थांबता वर जाते. २०५१ ला ती शंभरातले १०८.७ साक्षर सांगते. टक्केवारीला खाली शून्याची जमीन आहे आणि वर शंभराचं छत. सरळ रेषेला दोन्हींची खबर नसते. खरा आलेख जमिनीजवळ हळूहळू उचलतो, मध्ये सरळसा चढतो आणि छताजवळ पुन्हा मंदावतो. आपल्याला सापडला तो मधला सरळ तुकडा.

आता त्या सात तफावतींकडे परत येऊ. बरेच जण रेषा काढली की तफावतींकडे पाठ फिरवतात, पण रेषेनं जे सांगितलं नाही ते सगळं त्यांच्यातच उरलेलं असतं. १९५१ पासून क्रमानं त्या अशा आहेत: अधिक ०.६, अधिक १.५, उणे १.४, उणे १.४, उणे १.९, अधिक १.६, अधिक ०.७. चिन्हंच पाहा. दोन अधिक, तीन उणे, दोन अधिक. रेषा खरोखर योग्य असती तर अधिक-उणे कसेही विखुरलेले दिसले असते. इथे टोकं वर आणि मध्य खाली आहे. सातच ठिपके आहेत, तफावती दोनच्या आत आहेत, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण शंका नोंदवून ठेवावी.

शंकेला आणखी एक जागा आहे, ती गणितात नाही. १९५१, १९६१ आणि १९७१ चे आकडे पाच वर्षांवरच्या लोकसंख्येचे आहेत, तर १९८१ पासूनचे सात वर्षांवरच्या. पाच-सहा वर्षांची मुलं बहुतेक निरक्षरच मोजली जातात, म्हणजे जुन्या मोजणीत आकडा थोडा खाली ओढला जातो. १९८१ साली दोन्ही मापांतला फरक साधारण दोन टक्क्यांचा होता. शिवाय १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना होऊच शकली नाही. तक्त्यातल्या एका रकान्यातले आकडे एकाच गोष्टीचे आहेत, हे रेषा गृहीत धरते. ते तसे आहेत का हे पाहणं आपलं काम.

समजा पहिल्या तीन आकड्यांत प्रत्येकी दोन मिळवले, तर चढ ९.१ वरून सुमारे ८.७ वर येतो. म्हणजे आपण जो वेग सांगतो आहोत त्यातला थोडा भाग प्रत्यक्ष शिक्षणाचा नसून मोजपट्टी बदलल्याचा आहे. उलट, १९८१ चा आकडा एकटाच दोननं चुकला असता तर चढात काहीच फरक पडला नसता. शून्य! हे चमत्कारिक वाटेल, पण आपण केलेल्या गुणाकारांत १९८१ ला शून्यानं गुणलं होतं, ते आठवा.

ही गोष्ट थोडी थांबून समजून घेण्यासारखी आहे. मध्यबिंदूपासून प्रत्येक ठिपक्याकडे एकेक रेष ओढली, तर प्रत्येकीचा चढ वेगळा येतो. २०११ चा ठिपका म्हणतो चढ ९.३५ आहे, १९५१ चा म्हणतो ८.८९, १९९१ चा म्हणतो फक्त ७.२४. उत्तम रेषेचा चढ ही या सगळ्या मतांची सरासरी असते, पण प्रत्येकाला एकच मत नसतं. मध्यापासून जो जितका दूर, त्याच्या अंतराच्या वर्गाइतकी त्याची मतं. १९५१ आणि २०११ यांना नऊ-नऊ, १९६१ आणि २००१ यांना चार-चार, १९७१ आणि १९९१ यांना एकेक. अठ्ठावीसपैकी अठरा मतं दोन टोकांच्या खिशात! म्हणून छोट्या तक्त्यात टोकाचा आकडा दोनदा तपासावा. २०११ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी आधी हंगामी आकडा ७४.० जाहीर झाला आणि पुढे अंतिम आकडा ७३.० आला. हंगामी आकडा धरून कुणी रेषा काढली असेल तर त्याचा चढ ९.२ आला असणार. एका ठिपक्यातल्या एका टक्क्यानं सबंध साठ वर्षांचा वेग हलवला. शाळेत प्रयोगवहीत शेवटचं निरीक्षण घाईघाईनं टिपून ठेवणाऱ्या मुलांना हे दाखवायला हवं.

आता तक्त्यातले उरलेले दोन रकाने. मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते खरं तर त्यांच्यामुळे.

त्याच रीतीनं पुरुषांची रेषा काढली तर अंतःखंड २९.०८ आणि चढ ८.८९ येतो. स्त्रियांची काढली तर अंतःखंड ५.४२ आणि चढ ९.३२. वाचन सोपं आहे. स्त्रियांनी फार खालून सुरुवात केली, पण त्यांचा वेग किंचित जास्त आहे. सुरुवातीचं अंतर २३.६६ टक्क्यांचं, आणि दर दशकाला ते ०.४३ नं कमी होतं. भागाकार केला तर पंचावन्न दशकं. म्हणजे स्त्रिया आणि पुरुष बरोबरीला यायला १९५१ पासून साडेपाचशे वर्षं.

गणितात चूक नाही. दोन्ही रेषा त्यांच्या त्यांच्या ठिपक्यांना उत्तमच आहेत. स्प्रेडशीटला जुळणी किती चांगली आहे असं विचारलं तर स्त्रियांच्या रेषेला ती एकपैकी ०.९८ गुण देईल. अनेक अहवालांत एवढा गुण दिसला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. पण तफावती मांडून पाहा. स्त्रियांच्या रेषेपासून त्या क्रमानं अधिक ३.५, अधिक ०.७, उणे २.१, उणे ३.६, उणे ३.४, अधिक १.७, अधिक ३.३ अशा आहेत. टोकं वर, मध्य खोल. एकूण साक्षरतेत जी नुसती शंका होती, ती इथे स्पष्ट दिसते. हे ठिपके सरळ रेषेवर नाहीतच, ते वर वळणाऱ्या वक्रावर आहेत. पहिल्या तीन दशकांत स्त्रियांची साक्षरता दर दशकाला साधारण सातनं वाढली, पुढच्या तीन दशकांत साडेअकरानं. ९.३२ हा वेग या दोन काळांच्या मधोमध पडतो, आणि प्रत्यक्षात कुठल्याच काळात तो तसा नव्हता.

पुरुषांच्या तफावतींत असं वळण नाही. तिथे चिन्हं एकाआड एक बदलतात, उणे, अधिक, उणे, अधिक, उणे, अधिक, उणे. त्यांना सरळ रेषा बऱ्यापैकी मानवते.

आता दोघांमधलं प्रत्यक्ष अंतर पाहा. १९५१ मध्ये १८.३, मग २५.०, २४.०, आणि १९८१ मध्ये २६.६. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत दरी रुंदावली. पुरुष पुढे गेले, स्त्रिया मागे राहिल्या. त्यानंतर २४.८, २१.६ आणि २०११ मध्ये १६.३. दरी मिटायला लागली आणि दर दशकात आधीपेक्षा जोरानं. आधी वाढणं आणि मग मिटणं, या दोन उलट गोष्टी एका चढात कोंबल्या की त्या एकमेकींना खातात आणि उरतात ते ०.४३. साडेपाचशे वर्षं आली ती तिथून.

फक्त १९८१ ते २०११ या चार जनगणना घेऊन रेषा काढली तर स्त्रियांचा चढ ११.८८ आणि पुरुषांचा ८.४७ येतो. दरी दर दशकाला ३.४ नं मिटते, आधीच्या आकड्याच्या जवळजवळ आठपट. या निवडीचा आणखी एक फायदा असा, की चारही आकडे सात वर्षांवरच्या लोकसंख्येचे आहेत, मोजपट्टी एकच आहे. तोटा असा, की चार ठिपक्यांची रेषा फार नाजूक असते. त्यात वीसपैकी अठरा मतं दोन टोकांकडेच जातात.

वळण १९८१ नंतर का आलं, हे मात्र रेषा सांगू शकत नाही. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झालं. शाळेतल्या दुपारच्या जेवणाची केंद्र सरकारची योजना १९९५ ची. गावोगावी शाळा वाढल्या, आणि आधी शिकलेल्या मुली आता आया होऊन आपल्या मुलींना शाळेत पाठवू लागल्या. यातलं प्रत्येक कारण आडव्या अक्षावरच्या त्याच वर्षांबरोबर सरकत होतं. आपल्या तक्त्यात कारणांचा रकानाच नाही, फक्त काळाचा आहे. काळ पुढे गेला आणि साक्षरता वाढली एवढंच तो जोडू शकतो. कुठल्या कारणाचा किती वाटा, हे शोधायला जिल्ह्यांचे वेगवेगळे तक्ते लागतील, जिथे एका ठिकाणी योजना आधी पोचली आणि दुसऱ्या ठिकाणी उशिरा.

आठवा ठिपका आपल्याकडे अजून नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली आणि आता देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे. १९५१ पासून ती ७.६ दशकं. दोन्ही जोड्यांच्या रेषा तिथपर्यंत पुढे नेता येतात. हद्दीबाहेर जाणं आहे, पण दीडच दशक, आणि खरं-खोटं करायची तारीख ठरलेली आहे. सात ठिपक्यांच्या रेषांप्रमाणे तेव्हा पुरुष ९६.७ आणि स्त्रिया ७६.३ असतील, म्हणजे अंतर २०.४. ही रेषा दरी २०११ च्या १६.३ पेक्षाही पुन्हा रुंदावेल असं सांगते. चार ठिपक्यांच्या रेषांप्रमाणे पुरुष ९५.४, स्त्रिया ८३.७ आणि अंतर ११.७. पुरुषांचे दोन्ही अंदाज छताच्या फार जवळ गेले आहेत. शेवटच्या दशकात त्यांची वाढ साडेपाचांवर आली होती हे पाहता, प्रत्यक्ष आकडा दोन्हींच्या खाली राहील असं मला वाटतं. स्त्रियांच्या आकड्याचं तसं नाही. त्यांना वर अजून मोकळी जागा आहे, आणि एकाच तक्त्यातून निघालेल्या दोन रेषा तिथे सात टक्क्यांनी वेगळं बोलताहेत. जनगणनेचा निकाल आला की स्त्रियांचा रकाना आधी उघडावा आणि तो ७६ च्या जवळ आहे की ८४ च्या, ते पाहावं.